पॉलिसीतील टेलिमेडिसिन आणि सेकंड ओपिनियन: ऑपरेशनचा सल्ला मिळाल्यावर कोणत्या क्रमाने काय करावे

सांगलीत आरोग्यविम्याचे काम करताना एक चूक मला वारंवार दिसते. डॉक्टरांनी मोठे ऑपरेशन सुचवले की घरातील कोणीतरी विमा कंपनीचे ॲप उघडते, रिपोर्टचे मोबाइलवर काढलेले चार फोटो चढवते आणि ‘ऑपरेशन करावे का?’ असा प्रश्न टाकून मोकळे होते. दोन दिवसांनी ‘कागदपत्रे अपुरी आहेत’ असे उत्तर येते आणि ही सोय नावापुरतीच आहे, असा निष्कर्ष काढून ती कायमची बाजूला पडते. सोय बहुतेक वेळा खरी असते, पण ती वापरण्याचा क्रम चुकलेला असतो.

हा क्रम मी एकाच उदाहरणावरून मांडणार आहे. तासगाव तालुक्यातील ५८ वर्षांचे एक द्राक्ष बागायतदार, ज्यांना घरात सगळे आप्पा म्हणतात, त्यांना चढ चढताना छाती भरून यायची. मिरजेत ६ सप्टेंबरला त्यांचा इको आणि रक्ताच्या तपासण्या झाल्या. १० सप्टेंबरला अँजिओग्राफी झाली, हृदयाच्या तिन्ही रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले आणि डॉक्टरांनी बायपास सुचवली. पॉलिसी पुण्यातील मुलीने काढलेली होती, तिच्यात मुलगी आणि आई-वडील यांची नावे होती आणि ॲप मुलीच्या मोबाइलवर होते. आप्पांचे म्हणणे एवढेच होते की ऑक्टोबर छाटणी उरकू द्या, मग बघू.

टप्पा १: थांबायला वेळ आहे का, हे आधी लेखी घ्या

सेकंड ओपिनियन यायला काही दिवस लागतात, त्यामुळे तेवढे दिवस थांबणे सुरक्षित आहे की नाही हे पॉलिसी उघडण्याआधी ठरले पाहिजे. हे ज्यांनी रुग्ण तपासला तेच डॉक्टर सांगू शकतात. त्यांना ‘दुसरे मत घेऊ का?’ असे विचारण्यापेक्षा ‘ऑपरेशन किती दिवसांच्या आत व्हायला हवे?’ असे विचारावे आणि उत्तर केसपेपरवर लिहून घ्यावे. चांगले डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाहीत.

आप्पांच्या डाव्या बाजूच्या मुख्य धमनीत अडथळा नव्हता आणि बसल्या जागी छातीत दुखत नव्हते. म्हणून डॉक्टरांनी ‘गोळ्या चालू ठेवून अँजिओग्राफीपासून चार आठवड्यांपर्यंत थांबता येईल’ असे लिहून दिले. त्या एका ओळीमुळे ८ ऑक्टोबर ही अखेरची तारीख ठरली आणि पुढचे सगळे नियोजन तिच्यावरच बेतले गेले.

*सावधान:* विश्रांती घेत असताना छातीत दुखू लागले, घाम फुटला, दम लागला किंवा हाताची अथवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, तर ॲप उघडू नये. १०८ ला फोन करावा किंवा थेट जवळच्या रुग्णालयात जावे. टेलिमेडिसिनची सोय तातडीच्या उपचारांसाठी नसते.

टप्पा २: पॉलिसीत नेमके काय लिहिले आहे ते वाचा

पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक येते. त्यात लाभांची यादी थोडक्यात असते आणि खऱ्या अटी पॉलिसीच्या मुख्य मजकुरात असतात. दोन्ही ठिकाणी ‘टेलिकन्सल्टेशन’, ‘सेकंड मेडिकल ओपिनियन’ किंवा ‘ई-ओपिनियन’ हे शब्द शोधावेत. टेलिमेडिसिनमध्ये डॉक्टर फोनवर किंवा व्हिडिओवर रुग्णाशी बोलतात. सेकंड ओपिनियनमध्ये बहुधा कंपनीच्या पॅनेलवरील तज्ज्ञ केवळ कागदपत्रे पाहून लेखी मत देतात, रुग्णाला तपासत नाहीत आणि अनेकदा त्याच्याशी बोलतही नाहीत. या दोन सोयी वेगळ्या आहेत हे लक्षात न घेतल्यामुळेच निम्मे गैरसमज होतात.

सेकंड ओपिनियनच्या कलमात सर्वांत जास्त लक्ष आजारांच्या यादीकडे द्यावे. बऱ्याच पॉलिसींमध्ये ही सोय फक्त ठरावीक गंभीर आजारांपुरती असते, त्यामुळे गुडघा बदलणे किंवा पित्ताशय काढणे यासाठी केलेली विनंती सरळ फेटाळली जाऊ शकते. हृदयाच्या बाबतीत खाचखळगे अधिक आहेत. विमा नियामकाने ठरवलेल्या गंभीर आजारांच्या प्रमाणित व्याख्यांमध्ये बायपास येते, पण त्याच व्याख्येतून अँजिओप्लास्टी स्पष्टपणे वगळलेली आहे. म्हणजे ज्या पॉलिसीने सेकंड ओपिनियनसाठी हीच यादी लावली आहे, तिच्यात ‘स्टेंट टाकू का?’ अशी विनंती बसणार नाही, परंतु ‘बायपास सुचवली आहे’ ही विनंती बसू शकते. व्याख्येत ऑपरेशन प्रत्यक्ष झालेले असण्याची अट आहे, कारण ती मुळात गंभीर आजाराची रक्कम देण्यासाठी केलेली आहे. म्हणून ऑपरेशन नुसते सुचवलेले असताना दुसरे मत मिळेल का, हे कंपनीला ईमेलने विचारावे. आप्पांच्या कंपनीचे ‘मिळेल, मात्र सल्ल्याची लेखी प्रत जोडा’ असे उत्तर एका दिवसात आले.

याशिवाय ही सोय वर्षातून किती वेळा मिळते, ती प्रत्येक सदस्याला आहे की पूर्ण कुटुंबाला मिळून एकदाच, आणि आजाराचे निदान पॉलिसी सुरू झाल्यावर किती दिवसांनी झालेले असावे, हे पाहावे. नोकरीतून मिळालेल्या ग्रुप पॉलिसीत या सोयी दर नूतनीकरणाला बदलू शकतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नये.

*तपासा:* पॉलिसी क्रमांक, सदस्य क्रमांक आणि आधारवरील नाव यांत फरक असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्यावा. आप्पांच्या पॉलिसीवर वडिलांचे नाव आणि आडनाव यांची अदलाबदल झाली होती. ती दुरुस्त व्हायला दोन दिवस गेले.

टप्पा ३: टेलिमेडिसिन आधी, पण योग्य सदस्याच्या नावाने

सेकंड ओपिनियनची विनंती करण्याआधी पॅनेलवरील डॉक्टरांशी एक टेलिकन्सल्टेशन करावे, असा माझा आग्रह असतो. ऑपरेशनचा निर्णय त्या दहा मिनिटांत लागणार नाही. मात्र फाइलमध्ये कोणता कागद कमी आहे हे कळते आणि डॉक्टर रुग्णाचा आजवरचा इतिहास एका पानावर लिहून देतात, जो पुढे तज्ज्ञांना उपयोगी पडतो.

इथेच आप्पांच्या घरात पहिला घोळ झाला. ॲप मुलीच्या लॉगिनने उघडते आणि सदस्य निवडण्याच्या जागी तिचेच नाव आधीपासून भरलेले असते. घाईत ते तसेच राहिले. सल्ला आप्पांनी घेतला, पण प्रिस्क्रिप्शनवर ३१ वर्षांच्या स्त्रीचे नाव आले आणि खाली ‘चालताना छातीत दुखणे, मधुमेह’ असा इतिहास नोंदला गेला. असा कागद मुलीच्या वैद्यकीय नोंदींत राहिला तर उद्या तिच्या स्वतःच्या क्लेमच्या वेळी तिने हृदयाचा आजार लपवल्याचा प्रश्न उभा राहू शकतो. त्याच दिवशी ईमेल करून ती नोंद रद्द करून घेतली आणि सल्ला आप्पांच्या नावाने पुन्हा घेतला.

दुसऱ्या सल्ल्याच्या कागदावर आणखी एक चूक होती. आप्पा म्हणाले, ‘साखर निघून सहा महिने झाले.’ कागदावर मात्र सहा वर्षे असे उमटले. पॉलिसी तीन वर्षांपूर्वीची होती आणि त्या वेळी प्रस्तावात मधुमेह नाही असे खरेच लिहिलेले होते. ‘सहा वर्षे’ हा शब्द तसाच राहिला असता, तर आजार लपवून पॉलिसी घेतली या कारणाखाली क्लेम अडकू शकला असता. सध्याच्या नियमांनुसार पॉलिसी सलग ६० महिने चालल्यानंतर कंपनीला, फसवणूक सिद्ध केल्याशिवाय, अशा कारणावर क्लेम नाकारता येत नाही. आप्पांची पॉलिसी त्या मुदतीपासून बरीच दूर होती. डॉक्टरांना लगेच चॅटवर कळवून दुरुस्त कागद घेतला. इतिहास खरा सांगावा हे तर झालेच, पण कागदावर तोच खरा इतिहास उतरला आहे का, हे कॉल संपल्यावर त्याच बैठकीत वाचून घ्यावे. महिन्याभराने केलेली दुरुस्ती संशयास्पद दिसते.

*तपासा:* २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असावा लागतो. तो नसेल तर तो कागद पुढच्या फाइलमध्ये जोडू नये. काही औषधे फोनवरच्या सल्ल्यावर लिहून देण्यास याच तत्त्वांनी बंदी आहे, त्यामुळे डॉक्टरांनी एखादी गोळी लिहिण्यास नकार दिला तर तो टाळाटाळीचा प्रकार समजू नये.

टप्पा ४: फाइल तयार करणे

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा लागतो आणि विनंत्या परत येतात त्याही बहुधा इथल्याच चुकांमुळे. अँजिओग्राफीचा टाइप केलेला रिपोर्ट म्हणजे एका डॉक्टरांनी चित्र पाहून काढलेला निष्कर्ष असतो. दुसऱ्या तज्ज्ञांना तोच निष्कर्ष वाचायला दिला तर त्यांचे मत वेगळे होण्याचा मार्गच राहत नाही. त्यांना मूळ चित्रफीत लागते. हीच गोष्ट एमआरआय आणि सीटी स्कॅनची आहे, आणि कर्करोगाच्या निदानात तपासणीच्या काचपट्ट्यांची व मेणाच्या ठोकळ्यांची आहे.

अँजिओग्राफीची सीडी मिळते, पण नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो. आप्पांच्या पुतण्याने रुग्णालयातील संगणकावर ती लावायला सांगितली, पडद्याचे मोबाइलने चित्रीकरण केले आणि तोच व्हिडिओ १२ सप्टेंबरला पाठवला. १४ तारखेला विनंती परत आली. त्या व्हिडिओत खिडकीचा उजेड पडद्यावर पडला होता आणि रक्तवाहिनीच्या जागी एक पांढरी रेष तेवढी दिसत होती, त्यामुळे तज्ज्ञांचा काही दोष नव्हता.

योग्य पद्धत सोपी आहे. जुना संगणक असलेल्या एखाद्या फोटो स्टुडिओत किंवा झेरॉक्सच्या दुकानात सीडी नेऊन तिच्यातील सर्व मजकूर पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावा. सीडी उघडल्यावर सहसा `DICOMDIR` नावाची एक फाइल आणि तिच्यासोबत एक-दोन फोल्डर दिसतात. यांतली एखादीच फाइल निवडून घेऊ नये. संपूर्ण सीडीची नक्कल करून तिची एकच `zip` फाइल बनवावी आणि ती चढवावी. फाइल ॲपला पेलली नाही तर कंपनीकडे ईमेलवर अपलोडची लिंक मागावी.

रुग्णालयाने सीडी दिली नसेल तर लेखी अर्ज करून पोच घ्यावी. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितलेल्या नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात. या नियमाचा उल्लेख अर्जात केला की सहसा दुसऱ्यांदा जावे लागत नाही.

बाकीचे कागद थोडेच आहेत. आप्पांच्या फाइलमध्ये बायपासच्या सल्ल्याचा केसपेपर, इकोचा रिपोर्ट, ईसीजी, मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी, चालू गोळ्यांची डोससह यादी आणि टेलिकन्सल्टेशनचे एक पान एवढेच होते. मागील तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी चाचणी मात्र राहून गेली होती, तिच्याकडे पुढे येतो. कागद सपाट ठेवून स्कॅन करावेत, तारखेनुसार लावावेत आणि प्रत्येक फाइलच्या नावात तारीख टाकावी.

टप्पा ५: प्रश्न नेमका लिहा

‘ऑपरेशन योग्य आहे का?’ या प्रश्नाला ‘रुग्णाच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ असेच उत्तर येते, कारण प्रश्नातच काही धरण्यासारखे नसते. ज्या उत्तरामुळे घरचा निर्णय बदलू शकेल, असे तीन किंवा चार प्रश्न लिहावेत. आम्ही हे लिहिले होते:

“वय ५८, मधुमेह सहा महिने, तीन रक्तवाहिन्यांत अडथळे. चित्रफीत पाहून बायपास आणि स्टेंट यांपैकी कोणता मार्ग सुचवाल आणि का? ऑपरेशनपूर्वी कोणती तपासणी राहिली आहे? ८ ऑक्टोबरपर्यंत थांबण्याच्या सल्ल्याशी आपण सहमत आहात का?”

पहिल्या डॉक्टरांवर टीका, रुग्णालयाच्या खर्चाचा वाद किंवा ‘क्लेम मंजूर होईल का’ असा प्रश्न यात घालू नये. मत देणाऱ्या तज्ज्ञाचा क्लेमशी काहीही संबंध नसतो.

दुरुस्त फाइल १६ सप्टेंबरला गेली. विनंती क्रमांक मिळाला की त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा, कारण उत्तर लांबले तर पुढचा सगळा पत्रव्यवहार त्याच क्रमांकावर होतो.

टप्पा ६: आलेले मत कसे वाचावे

मत २१ सप्टेंबरला आले. अशा कागदात शेवटच्या ओळीआधी ‘पाहिलेली कागदपत्रे’ हा भाग वाचावा. त्यात अँजिओग्राफीची चित्रफीत नोंदलेली नसेल, तर ते मत केवळ जुन्या रिपोर्टवर बेतलेले आहे आणि त्याचे वजन तेवढेच धरावे. आप्पांच्या कागदावर चित्रफितीचा उल्लेख होता. मधुमेह आणि पुढच्या मुख्य शाखेच्या सुरुवातीलाच असलेला अडथळा, या दोन कारणांनी तज्ज्ञांनी बायपासलाच दुजोरा दिला होता. सोबत त्यांनी विचारले होते की एचबीए१सी का जोडलेली नाही. दुसऱ्या दिवशी ती केली, तर ९.१ आली. मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशनपूर्वी साखर आटोक्यात आणण्यासाठी औषधे बदलली. मत तेच राहिले, तरी उपचाराची तयारी बदलली.

मत वेगळे आले तर तो कागद पहिल्या डॉक्टरांपुढे टाकून ‘बघा’ असे म्हणू नये. ‘या मुद्द्यावर आपले काय म्हणणे आहे?’ असे विचारावे, कारण रुग्णाला प्रत्यक्ष तपासलेले तेच असतात आणि कागदावर न उतरलेले एखादे कारण त्यांच्याकडे असू शकते. मतातील एखादा शब्द कळला नाही तर त्यासाठी पुन्हा टेलिकन्सल्टेशन वापरावे. औषध मात्र कोणत्याही कागदाच्या जोरावर स्वतः बंद करू नये, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी. ती कोणत्या दिवशी थांबवायची हे ऑपरेशन करणारेच सांगतील.

टप्पा ७: ऑपरेशनची तारीख आणि क्लेम

सेकंड ओपिनियनमध्ये ‘ऑपरेशन आवश्यक’ असे लिहून आले म्हणजे कॅशलेस मंजूर झाले, असा समज फार पसरलेला आहे. मंजुरीची विनंती रुग्णालयाच्या विमा विभागातून स्वतंत्रपणे जाते. २९ मे २०२४ च्या नियामकाच्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो. दुसऱ्या मतानंतर रुग्णालय बदलले, तर जुनी मंजुरी लेखी रद्द करून नव्या रुग्णालयातून नवी विनंती करावी, अन्यथा दोन्ही अडकतात.

तारखेचा प्रश्न त्याहून बारीक आहे. बहुतेक पॉलिसी दाखल होण्यापूर्वीच्या ठरावीक दिवसांतील त्याच आजाराचा खर्च देतात. आप्पांच्या पॉलिसीत ही मुदत ३० दिवसांची होती. इको आणि रक्ततपासण्यांची बिले ६ सप्टेंबरची. छाटणी उरकून ११ ऑक्टोबरला दाखल व्हायचे म्हटले, तर मध्ये ३५ दिवस जातात आणि ती बिले मुदतीबाहेर पडतात. शिवाय डॉक्टरांनी लिहून दिलेली ८ ऑक्टोबरची मर्यादाही उलटते. मुलीने कॅलेंडर पुढे ठेवून दोन्ही तारखा दाखवल्यावर आप्पांनी छाटणी पुतण्याकडे सोपवली आणि ते ३ ऑक्टोबरला दाखल झाले, म्हणजे २७ व्या दिवशी.

टप्पा ८: सोय नाकारली किंवा उत्तरच आले नाही तर

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला विनंती क्रमांकासह ईमेल करावा आणि नकार पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली दिला हे विचारावे. कलमाचा आकडा मागितला की कॉल सेंटरवरून ढकललेली बरीच प्रकरणे मार्गी लागतात. तिथे काम झाले नाही तर ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवावी. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर सातारा-सांगलीकरांसाठी पुण्याचे विमा लोकपाल कार्यालय आहे आणि तिथे शुल्क लागत नाही. मात्र थांबण्यासाठी दिलेली मुदत संपत आली असेल तर तक्रारीच्या निकालाची वाट पाहू नये. पैसे भरून दुसऱ्या तज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवावे आणि तक्रार मागाहून चालू ठेवावी.

टप्पा ९: घरी आल्यानंतर

रुग्णालयातून सुटल्यावरही पॉलिसीत ठरावीक दिवसांचा खर्च मिळतो, अनेक पॉलिसींत तो ६० दिवसांचा असतो. या काळात टाक्यांची जागा दाखवणे, रिपोर्ट दाखवणे अशी छोटी कामे टेलिमेडिसिनवर होतात आणि गावाहून मिरजेची फेरी वाचते. ॲपमधील मोफत सल्ल्याचे बिल निघत नाही, त्यामुळे त्याचा क्लेमही होत नाही. पण आपल्याच सर्जनने फोनवर तपासून शुल्क घेतले, तर त्यांच्याकडून तारीख, रुग्णाचे नाव आणि ‘बायपासनंतरची तपासणी’ असा उल्लेख असलेली पावती घ्यावी. आप्पांच्या तिसऱ्या सल्ल्याच्या पावतीवर नुसते ‘कन्सल्टेशन’ लिहिलेले होते, आणि तेवढेच एक बिल कंपनीने आजाराचा उल्लेख नाही म्हणून परत पाठवले. रुग्णालयाने दुरुस्त पावती दिल्यावर तेही मंजूर झाले.